कृश शरीरातील उच्च रक्तदाब

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत कृष्णाकाठ आणि दुष्काळी पट्टा असे दोन भाग शेजारी शेजारी आहेत. कराड, वाळवा, मिरज या भागांत ऊस आहे, साखर कारखाने आहेत. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत पाऊस कमी, जमीन हलकी आणि श्रम अधिक आहेत. या दुष्काळी पट्ट्यातील माणसाचे वर्णन करताना 'काटक' हा शब्द सहज तोंडी येतो. अंगावर मांस नाही, पण दिवसभर काम करण्याची ताकद आहे, असा त्याचा अर्थ. अशा माणसाला रक्तदाबाचा विकार असू शकतो, असे कोणाच्याही मनात येत नाही. त्याच्या स्वतःच्या तर नाहीच, पण पुष्कळदा तपासणाऱ्याच्याही येत नाही.

उच्च रक्तदाब हा लठ्ठ, बैठे काम करणाऱ्या, शहरी माणसाचा आजार आहे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. तिच्यात तथ्य आहे. वजन वाढले की रक्तदाब वाढण्याची शक्यता वाढते, हे निर्विवाद आहे. परंतु त्यावरून वजन कमी असेल तर रक्तदाब वाढत नाही, असा उलट निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी ते औषध घेत होते. एवढी मोठी संख्या केवळ लठ्ठ माणसांची असू शकत नाही. तिच्यात सडपातळ माणसांचाही मोठा वाटा आहे.

सडपातळ माणसाच्या उच्च रक्तदाबाची खरी अडचण अशी की, त्याचे शरीर तपासणाऱ्याची वारंवार दिशाभूल करते. प्रथम डोळा फसतो, नंतर रक्तदाब मोजण्याचा पट्टा फसतो आणि पुढे प्रयोगशाळेतील आकडाही फसवू शकतो. या तिन्ही फसगती समजून घेतल्या, म्हणजे अशा रुग्णाची संपूर्ण तपासणी का आवश्यक आहे, हे आपोआप स्पष्ट होते.

पंप आणि नळ

उपसा सिंचनाची व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रक्तदाबाचे गणित समजावयास वेळ लागणार नाही. नळातील पाण्याचा दाब दोन कारणांनी वाढतो. पंप अधिक पाणी ढकलू लागला, तर दाब वाढतो. पंप तेवढाच राहिला, पण नळ अरुंद झाला, तरीही दाब वाढतो. हृदय हा पंप आहे आणि रोहिण्या हे नळ आहेत.

लठ्ठ माणसाच्या शरीराचा विस्तार मोठा असल्यामुळे हृदयाला अधिक रक्त ढकलावे लागते. त्याच्या वाढलेल्या दाबात पंपाचा वाटा बराच असतो. सडपातळ रुग्णात त्या मानाने नळांचा वाटा अधिक असतो. त्याच्या सूक्ष्म रोहिण्या आकुंचित व ताठर झालेल्या असतात आणि रक्तप्रवाहाला होणारा विरोध वाढलेला असतो. पाऱ्याचा आकडा दोघांचा सारखाच असला, तरी त्यामागची कारणे वेगळी असू शकतात. म्हणूनच 'वजन कमी करा, चालायला जा' हा नेहमीचा सल्ला ऊस तोडणाऱ्या बाईला किंवा मेंढरांमागे दिवसभर चालणाऱ्या माणसाला निरर्थक वाटतो, आणि तो निरर्थकच असतो.

जन्मापूर्वीची उणीव

रोहिण्या अशा का होतात, याचे एक उत्तर मूत्रपिंडात सापडते. शरीरातील मीठ आणि पाणी यांचे प्रमाण सांभाळण्याचे काम मूत्रपिंड करते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांची संख्या माणसागणिक पुष्कळ बदलते. महत्त्वाची गोष्ट अशी की, या गाळण्या आईच्या पोटातच तयार होतात. गर्भारपणाच्या सुमारे छत्तिसाव्या आठवड्यानंतर नवी गाळणी तयार होत नाही. जन्मतः जेवढ्या मिळाल्या, तेवढ्यांवर आयुष्य काढावे लागते.

आईचे पोषण अपुरे असेल आणि मूल कमी वजनाचे जन्मले, तर त्याच्या गाळण्यांची संख्याही कमी राहण्याचा संभव असतो. अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली असा विचार मांडला की, गाळण्या कमी असलेल्या मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकण्यासाठी अधिक दाब लागतो आणि त्यातून पुढे रक्तदाब वाढतो. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी जन्मवेळचे कमी वजन आणि प्रौढपणातील हृदयविकार व रक्तदाब यांचा संबंध दाखवून दिला.

हा प्रश्न आपल्या अगदी जवळ अभ्यासला गेला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती मातांची पाहणी सुरू केली. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो आढळले. परंतु वजनातील ही तूट सर्व अवयवांत सारखी नव्हती. पुणे परिसरातील बालकांत स्नायू आणि पोटातील अवयव कमी भरले होते, मात्र कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. मूल दिसायला बारीक, पण आतून चरबीचे प्रमाण अधिक, अशी ती स्थिती होती.

प्रौढ माणसात हीच गोष्ट कशी दिसते, याचा एक बोलका पुरावा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाला. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. उंचीच्या प्रमाणात वजन दाखविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, म्हणजे दोघेही सडपातळच. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. वजनकाट्याने दोघांना एकाच पारड्यात बसविले होते. डोळ्याची फसगत होते ती अशी. हातपाय काटकुळे, पण कमरेचा घेर वाढलेला, अशी माणसे प्रत्येक गावात आढळतात. म्हणून केवळ वजन न पाहता कमरेचा घेरही मोजावा. पुरुषात ९० सेंटिमीटर आणि स्त्रीत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडील मर्यादा मानली जाते.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर लगेच जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडत आहेत. रोहिण्या ताठर होऊन रक्तदाब वाढण्याचे वयही हेच आहे. या पिढीतील बारीक अंगाच्या माणसांना मोजमापातून वगळणे म्हणजे ज्यांची चौकशी आधी करावयाची, त्यांनाच शेवटी ठेवणे होय.

मीठ आणि मिश्री

जन्माच्या या उणिवेवर पुढील आयुष्यातील दोन सवयी भर घालतात. पहिली मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट भरलेल्या एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील सरासरी सेवन दररोज सुमारे ८ ग्रॅम आढळले. भाकरीबरोबर खर्डा, ठेचा, लोणचे किंवा खारवलेली मिरची, हेच ज्यांचे कालवण असते, त्यांच्या जेवणात मीठ भरपूर आणि भाजीपाला व फळे यांतून मिळणारे पोटॅशियम तोकडे असते. पोटॅशियम मिठाचा परिणाम सौम्य करते. ते कमी पडले की तेवढेच मीठ अधिक बाधते. गाळण्या कमी असलेल्या माणसात हा परिणाम आणखी ठळक होतो.

दुसरी सवय तंबाखूची. पुरुषांत चुना लावून खाण्याची आणि स्त्रियांत मिश्री लावण्याची चाल या भागात जुनी आहे. मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते. तिच्यातील निकोटीन तोंडाच्या आवरणातून थेट रक्तात जाते, रोहिण्या आकुंचित करते आणि नाडीचा वेग वाढविते. दात घासण्याचा एक प्रकार म्हणून तिच्याकडे पाहिले जात असल्यामुळे 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देते. तंबाखूने भूकही मंदावते. म्हणजे जी गोष्ट माणसाला बारीक ठेवते, तीच त्याच्या रोहिण्यांना अपाय करीत असते.

पट्ट्याचे माप

आता दुसऱ्या फसगतीकडे वळू. रक्तदाब मोजताना दंडावर गुंडाळला जाणारा पट्टा हा केवळ कापडाचा तुकडा नाही. त्याच्या आतील हवेची पिशवी दंडाच्या मापाला साजेशी असावी लागते. इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली बनविलेल्या उपकरणाचा पट्टा जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. त्यामुळे दाब प्रत्यक्षापेक्षा अधिक भरत असे. जर्मनीतील रेक्लिंगहाउझेन यांनी १९०१ साली रुंद पट्टा वापरून ही चूक दाखवून दिली. अरुंद पट्ट्याने आकडा वाढतो आणि प्रमाणाबाहेर मोठ्या पट्ट्याने तो घटतो, हा नियम तेव्हापासून ज्ञात आहे.

लठ्ठ दंडावर नेहमीचा पट्टा आखूड पडतो, हे परिचारिकेच्या लगेच लक्षात येते, कारण तो नीट बसतच नाही. बारीक दंडावर मात्र तोच पट्टा सहज बसतो आणि म्हणून चूक दिसत नाही. दंडाचा घेर २७ ते ३४ सेंटिमीटर असेल तर नेहमीचा प्रौढांचा पट्टा योग्य ठरतो. घेर २२ ते २६ सेंटिमीटर असेल तर लहान पट्टा हवा. अमेरिकेत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात, लहान पट्ट्याची गरज असलेल्या व्यक्तींना नेहमीचा पट्टा लावला असता वरचा दाब सरासरी ३.६ मिलिमीटरने कमी भरला. ही तफावत क्षुल्लक वाटेल. परंतु १४० आणि ९० या रेषेच्या आसपास असलेल्या माणसाला रुग्ण म्हणावयाचे की निरोगी, हे तीन-चार मिलिमीटरच ठरवितात. ज्या आरोग्य उपकेंद्रात एकच पट्टा आहे, तेथे सडपातळ रुग्णाचा रक्तदाब नेमका याच कारणाने निसटतो.

मोजण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. व्यक्तीला पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. पाठीला आधार, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू किंवा मिश्री नसावी. लघवी तुंबलेली नसावी आणि मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावे. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजणे अगत्याचे आहे, त्याचे कारण पुढे येईल.

एक उदाहरण

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, ते उदाहरणादाखल पाहू. जत तालुक्यातील ३८ वर्षांची एक स्त्री दरवर्षी गळिताच्या हंगामात पतीबरोबर वाळवा तालुक्यात ऊसतोडीस जाते, अशी कल्पना करू. तिची उंची १५० सेंटिमीटर, वजन ४१ किलो. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता निर्देशांक १८.२ येतो. १८.५ च्या खाली असल्यामुळे नोंदवहीत तिची नोंद 'कमी वजन' अशी होते आणि लक्ष साहजिकच रक्तक्षयाकडे जाते. नेहमीच्या पट्ट्याने रक्तदाब १३६ व ८८ भरतो. आकडा रेषेच्या आत असल्यामुळे तिला घरी पाठविले जाते.

पुढील वेळी दुसरी आरोग्यसेविका प्रथम तिच्या दंडाचा घेर मोजते. तो २२.५ सेंटिमीटर असतो. लहान पट्ट्याने दाब १४२ व ९२ येतो. आठवड्याने पुन्हा मोजता १४४ व ९२ येतो. आता उच्च रक्तदाबाचे निदान पक्के होते. परंतु सेविका येथे थांबत नाही. ती विचारते, "ताई, अंग दुखतं म्हणून गोळी घेता का? रोज घेता का?" उत्तर मिळते की, तोडणीच्या पाच महिन्यांत रोज एक, कधी दोन गोळ्या घेतल्याशिवाय मोळी उचलवत नाही. गोळ्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळतात.

हा प्रश्नच या प्रकरणाची किल्ली आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडातील सूक्ष्म रोहिण्या खुल्या ठेवणाऱ्या द्रव्यांना अटकाव करतात. त्यामुळे शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा गुणही कमी होतो. उन्हात काम करून शरीरातील पाणी घटलेले असताना या गोळ्या घेतल्यास मूत्रपिंडाला होणारी इजा अधिक गंभीर असते.

तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविले जाते. लघवीच्या पट्टीवर प्रथिने दोन अधिक दिसतात. रक्तातील क्रिएटिनिन १.२ मिलिग्रॅम येते. पुष्कळ प्रयोगशाळांच्या कागदावर हा आकडा सामान्य मर्यादेच्या काठावर, तर काहींच्या कागदावर मर्यादेच्या आतच दिसेल. येथे तिसरी फसगत होते.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ आहे. ज्याचे स्नायू कमी, त्याच्या शरीरात तो मुळातच कमी तयार होतो. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण वय व लिंग यांच्याशी जोडून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढावी लागते. सध्या प्रचलित असलेल्या सूत्राने पाहिले, तर १.२ हाच आकडा २५ वर्षांच्या पुरुषात मिनिटाला सुमारे ८६ मिलिलिटर क्षमता दाखवितो. या ३८ वर्षांच्या स्त्रीत मात्र ती सुमारे ५९ इतकीच भरते. ६० च्या खालची क्षमता तीन महिने टिकून राहिली, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार मानला जातो. शिवाय सूत्रात वय आणि लिंग असले, तरी वजन नाही. ४१ किलोच्या शरीरात स्नायू सरासरीहून कमी असल्यामुळे तिची खरी क्षमता ५९ पेक्षाही कमी असण्याचा संभव राहतो. कागदावर निरोगी वाटणाऱ्या आकड्याच्या आड बिघडलेले मूत्रपिंड लपलेले होते.

तीन महिन्यांनी लघवी व रक्त पुन्हा तपासले जाते आणि दोन्हींत तोच दोष आढळतो. आता प्रश्नाचे स्वरूप पालटते. रक्तदाबाने मूत्रपिंड बिघडविले की मूत्रपिंडाने रक्तदाब वाढविला, हे ठरवावयास सोनोग्राफी व तज्ज्ञांचे मत लागेल. सांगली जिल्ह्यात त्यासाठी मिरज येथील १९६२ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविता येते. परंतु वेदनाशामक गोळ्या बंद करण्याचा निर्णय मात्र पहिल्याच दिवशी घेता येतो, आणि तो घेतलाच पाहिजे.

संपूर्ण तपासणी म्हणजे काय

लठ्ठ रुग्णात रक्तदाबाचे कारण डोळ्यांपुढे असते. सडपातळ रुग्णात ते शोधावे लागते. बहुतेकांत अखेरीस वेगळे कारण सापडत नाही आणि आनुवंशिकता, वय, मीठ व तंबाखू यांचा तो एकत्रित परिणाम ठरतो. तथापि ज्यांच्यात कारण सापडते, त्यांच्यात ते तीन ठिकाणी असण्याचा संभव अधिक असतो.

पहिले ठिकाण मूत्रपिंड. लघवीतील प्रथिने व रक्त, रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या साध्या तपासण्यांनी त्याचा माग लागतो.

दुसरे ठिकाण मोठ्या रोहिण्या. तरुण स्त्रियांत महारोहिणी आणि तिच्या शाखांच्या भिंतींना सूज येऊन त्या अरुंद होण्याचा एक विकार भारतात आढळतो. जपानमधील नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली त्याची नोंद केली, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. यात एका हाताची नाडी मंद लागते किंवा लागतच नाही. त्या हातावर मोजलेला रक्तदाब फसवा कमी येतो. दोन्ही दंडांवर मोजण्याचा आग्रह याचसाठी आहे. दोन दंडांत १५ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक वारंवार आढळला, तर रुग्णास पुढे पाठवावे. जांघेतील नाडी मंद असेल, तर महारोहिणी जन्मतः आकुंचित असण्याचीही शंका घ्यावी.

तिसरे ठिकाण ग्रंथी. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी अधिक काम करू लागली की भूक असूनही वजन घटते, छातीत धडधडते आणि वरचा दाब वाढतो. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीत गाठ झाली, तर डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे झटके येतात. तीच ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे द्रव्य अधिक स्रवू लागली, तर रक्तातील पोटॅशियम घटू शकते. खोकल्यासाठी दीर्घकाळ चघळलेले जेष्ठमधही असाच परिणाम घडविते, हे विचारून घेण्याजोगे आहे. वजन पूर्वीपासून कमी आहे की अलीकडे घटले, हा एक प्रश्न यातील पुष्कळ गोष्टी उघड करतो.

याबरोबर रक्तातील साखर, डोळ्याच्या आतील पडद्याची तपासणी आणि हृदयाचा आलेख या गोष्टी हव्यात. आलेखाबाबत एक सावधगिरी आहे. बारीक माणसाच्या छातीची भिंत पातळ असल्यामुळे आलेखातील रेषा निरोगी हृदयातही उंच उमटतात आणि हृदयाचा स्नायू जाड झाल्याचा भास होतो. अशा वेळी हृदयाची सोनोग्राफी करूनच निष्कर्ष काढावा.

१९८० च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत झालेल्या काही दीर्घकालीन पाहण्यांत उच्च रक्तदाब असलेल्या सडपातळ व्यक्तींचे मृत्युप्रमाण लठ्ठ रुग्णांपेक्षा कमी नव्हते, काहींत तर ते अधिक आढळले. तंबाखू, मद्य आणि न ओळखलेले आजार यांचा त्यात किती वाटा, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. बारीक अंगकाठी हे संरक्षण नव्हे, एवढे मात्र त्यावरून निश्चित म्हणता येते.

उपचारातील फरक

औषधे दोघांनाही बहुधा तीच असतात. फरक आहे तो सल्ल्यात. १८.२ निर्देशांकाच्या स्त्रीला वजन उतरविण्यास सांगणे अपायकारक ठरेल. तिला पुरेसा आहार हवा, मात्र तो कमी मिठाचा हवा. मूत्रपिंड बिघडले असेल, तर डाळी किती खाव्यात, हे वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवावे. बाजारात मिळणारे पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ इतरांना उपयुक्त असले, तरी अशा रुग्णाने ते विचारल्याशिवाय वापरू नये, कारण दुर्बल मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. लघवीतून प्रथिने जात असल्यास मूत्रपिंडाला जपणारी काही औषधे देतात. ती गर्भारपणात चालत नाहीत, म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रीस तसे आधी विचारावे लागते. गोळी एकदा सुरू झाल्यावर बरे वाटते म्हणून ती बंद करणे, ही नेहमी आढळणारी चूक होय. उच्च रक्तदाबात बहुधा काहीच जाणवत नसते, त्यामुळे बरे वाटण्यावरून दाब ओळखता येत नाही.

गावपातळीवर

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि शासन यांच्या सहकार्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी प्रथम निवडलेल्या जिल्ह्यांत सातारा होता. भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग हे इतर तीन. ठरलेल्या क्रमाने औषधे देणे, ती घराजवळच्या केंद्रात मिळणे आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून न आलेल्यास बोलावणे, ही त्याची मुख्य अंगे आहेत. या रचनेत सडपातळ रुग्ण सामावून घ्यावयाचा, तर तीन साध्या गोष्टी पुरेशा आहेत.

तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब वजन न पाहता मोजला जावा. प्रत्येक उपकेंद्रात लहान पट्टा आणि घेर मोजण्याची फीत असावी. लहान पट्टा ही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील खरेदी आहे. तिसरी गोष्ट ऊसतोडीच्या हंगामाशी निगडित आहे. मजूर गाव सोडण्यापूर्वी आणि परतल्यावर त्यांचा रक्तदाब मोजला जावा, जाताना औषधे व नोंदीचे कार्ड बरोबर द्यावे, आणि दोन्ही वेळा वेदनाशामक गोळ्या व मिश्री यांविषयी नाव घेऊन विचारावे. गावातून कोण केव्हा निघणार, हे सरपंचाला आणि मुलांच्या शाळेतील गैरहजेरीवरून शिक्षकाला आरोग्य केंद्राच्या आधी कळते. ती माहिती वेळेवर केंद्रात पोहोचली, तर जतच्या त्या बाईचा दाब पहिल्याच भेटीत योग्य पट्ट्याने मोजला जाईल.